काळ्या केसांमागचा उजेड

भाचीचा लग्नाचा बायोडेटा तयार होता, फक्त फोटो अडला होता. फोटो मीच काढला होता, ताईच्या हॉलमध्ये. कपाटावरून राखाडी रंगाची जाड चादर खाली सोडली, भाचीला तिच्यापासून पाचेक फूट पुढे उभं केलं आणि खिडकीचा पडदा सरकवला. फोटोत डावीकडून खिडकीचा मऊ उजेड, अंगावर गडद हिरवी पैठणी, केसांत मोगऱ्याचा गजरा. चेहरा छान आला होता. ताईने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "चेहरा झकास आलाय रे, पण हिचे केस गेले कुठे?"

तिचं बरोबर होतं. केस चादरीत विरघळून गेले होते. उजवीकडे, म्हणजे खिडकीपासून लांबच्या बाजूला, डोकं कुठे संपतं आणि चादर कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. गजरा तर हवेत लटकल्यासारखा दिसत होता.

स्टुडिओत काढलेल्या फोटोत माणूस पडद्यापासून सुटा, पुढे आलेला दिसतो. त्याचं श्रेय लोक महागड्या कॅमेऱ्याला देतात. खरं काम करतो तो माणसामागून पडद्यावर टाकलेला एक मवाळ उजेड. तो फोटो काढताना टाकायचा राहिला, तर नंतर फोटोशॉपमध्ये टाकता येतो. मात्र बहुतेक जण तो अशा रीतीने टाकतात की पाहणाऱ्याला लगेच संशय येतो. भाचीच्या फोटोवर मी काय केलं, आणि पहिल्या खेपेला काय चुकलं, ते सांगतो.

आधी केस नेमके का हरवले ते पाहू. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. फोटोशॉपमध्ये Info नावाची छोटी खिडकी उघडली आणि माउस फोटोवरून फिरवला, की खालचे आकडे दिसत राहतात. भाचीचे केस होते १५ च्या आसपास आणि मागची चादर ३८ च्या आसपास. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर अंधाऱ्या खोलीत बसून पाहिलं तर हा फरक जाणवतो. दुपारच्या उजेडात हातातल्या फोनवर पाहिलं तर दोन्ही काळेच. डोळा माणसाची बाह्यरेषा ओळखतो ती शेजारशेजारच्या दोन छटांच्या फरकावरून. फरक नाही तर रेषा नाही. म्हणजे केसांमागची चादर उजळायला हवी, पण फक्त तिथेच, आणि कडांकडे जाता जाता तो उजेड नकळत विरून गेला पाहिजे.

मी पहिल्यांदा जे केलं ते सगळेच करतात. नवा लेयर घेतला, मऊ कडांचा भलामोठा ब्रश घेतला, पांढरा रंग निवडला आणि डोक्यामागे एक ठिपका ठेवून दिला. त्यावर भाचीचं कटआउट. ताईला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "हिच्यामागे गणपतीची प्रभावळ कशाला लावलीस?"

एका वाक्यात तिने दोन चुका पकडल्या होत्या. एक, तो उजेड डोक्याभोवती गोल बसला होता, देवाच्या मूर्तीमागे असतो तसा. दोन, तो चादरीवर पडलेला उजेड वाटतच नव्हता. चादरीच्या पुढे धुकं साचल्यासारखं दिसत होतं. दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे, कारण ती समजली की पुढचं निम्मं काम आपोआप बरोबर होतं.

खऱ्या स्टुडिओत काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. माणसाच्या मागे, त्याच्याच आडोशाला, बुटक्या स्टँडवर एक लाइट असतो. त्याचं तोंड पडद्याकडे, पाठ माणसाकडे. हा उजेड पडद्यावर पडतो, माणसावर नाही. (केसांच्या कडेवर चमकती रेघ आणणारा लाइट वेगळा. तो वरून आणि मागून माणसावरच मारलेला असतो. दोन्हींची गल्लत करू नका.) पडद्याला सुरकुत्या असतील तर सुरकुतीचा उंचवटाही उजळतो आणि खळगाही उजळतो, पण आपापल्या प्रमाणात. आधी उंचवटा खळग्याच्या दुप्पट उजळ असेल तर नंतरही साधारण दुप्पटच राहतो. थोडक्यात, उजेड पडणं म्हणजे गुणाकार. पांढरा रंग फासणं म्हणजे बेरीज. बेरजेत खळगे आणि उंचवटे सगळे सारखेच वर सरकतात, त्यांच्यातलं प्रमाण दबतं, कापडाचा पोत मरतो आणि काळं ते करडं होतं. तेच धुकं.

म्हणून पांढरा रंग हातात घ्यायचाच नाही. चादर फोटोत आधीच आहे, तिचाच उजेड वाढवायचा. फोटोशॉपमध्ये यासाठी मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारं साधन म्हणजे Exposure नावाचा ॲडजस्टमेंट लेयर. त्यात +१ केलं की त्या जागेवरचा उजेड दुप्पट, +२ केलं की चौपट. कॅमेऱ्यावर एक स्टॉप वाढवतो, तसाच हिशेब. उजेड दुप्पट झाला म्हणजे आकडा दुप्पट होत नाही, कारण फोटोतले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात साठवलेले नसतात. आपल्या चादरीचा ३८ हा आकडा एका स्टॉपने साधारण ५५ होतो, दोन स्टॉपने ७९ आणि तिसऱ्या स्टॉपने ११० च्या घरात जातो. मी +२ वर थांबलो. काळ्या केसांना सुटं करायला ७०-८० पुरतात. ११० केलं तर चादर चेहऱ्याशी स्पर्धा करायला लागते, आणि अंधारात दडलेले रंगीत दाणेही वर येतात.

आता त्या उजेडाचा आकार. लाइट पडद्यापासून दोन फुटांवर आहे आणि उघड्या दिव्यासारखा सगळीकडे सारखाच पसरतोय असं धरा. त्याच्या बरोबर समोर पडद्यावर १०० भाग उजेड पडत असेल, तर तिथून दोन फूट बाजूला तो साधारण ३५ भाग उरतो आणि चार फूट बाजूला जेमतेम ९. बाजूला जावं तसं अंतरही वाढतं आणि उजेड तिरपाही पडतो, म्हणून तो इतका झपाट्याने घटतो. पण घटण्याची रीत लक्षात घ्या. मध्याजवळ तो हळूहळू उतरतो, मग वेगाने, आणि शेवटी पुन्हा हळूहळू विरतो. याचा आलेख काढला तर देवळातल्या घंटेसारखा दिसेल.

सॉफ्टवेअरमधला साधा गोल ग्रेडियंट असा नसतो. तो मध्यापासून कडेपर्यंत एकाच चालीने उतरतो आणि कडेला एकदम थांबतो. उतार जिथे अचानक बदलतो तिथे डोळा फसतो आणि प्रत्यक्षात नसलेली रेघ पाहतो. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हे दाखवून दिलं, आणि त्या पट्ट्यांना आजही त्याचंच नाव आहे. फोटोत त्याचा परिणाम असा होतो की उजेड जिथे संपतो तिथे एक पुसटसं कडं दिसतं. ते बोट ठेवून दाखवता येत नाही, पण मन म्हणतं की हे खोटं आहे. म्हणून मी ग्रेडियंट न वापरता एक भरीव गोल घेतो आणि त्याच्या कडा भरपूर पसरवतो. पसरवल्यावर तो आपसूक घंटेच्या आकाराच्या जवळ जातो.

आता प्रत्यक्ष मांडणी. फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा, उभा. त्यात खांद्यांची रुंदी साधारण २२०० पिक्सेल. सुरुवातीलाच Image, Mode मध्ये जाऊन 16 Bits/Channel केलं. त्याचं कारण पुढे येईल. मग Select मधून Subject निवडलं. भाची निवडली गेली. Select and Mask मध्ये जाऊन केसांच्या कडेवरून Refine Edge Brush फिरवला. ही निवड तशीच ठेवून एक रिकामा ग्रुप तयार केला आणि त्याला मास्क लावला. मास्कवर Ctrl+I दाबून तो उलटा केला, म्हणजे भाची काळी आणि चादर पांढरी. मास्कमध्ये काळं म्हणजे बंद, पांढरं म्हणजे चालू. या ग्रुपच्या आत जे काही ठेवू ते आता फक्त चादरीवर लागेल.

ग्रुपच्या आत Exposure लेयर घातला, +२ वर. त्याचा स्वतःचा मास्क काळा करून त्यात खांद्यांइतकाच, म्हणजे २२०० पिक्सेलचा, एक पांढरा गोल भरला. मग Properties मध्ये Feather नावाची पट्टी ६०० पर्यंत ओढली. गोल पसरला, कडा विरल्या, फोटोच्या काठाशी उजेड जवळजवळ शून्यावर आला.

हे सगळं एकाच मास्कमध्ये का केलं नाही, असं कुणी विचारेल. कारण भाचीची बाह्यरेषा एकदा बसवली की हलवायची नसते, आणि उजेड मात्र दहा वेळा हलवून पाहायचा असतो. दोन मास्क वेगळे असले की उजेडाचा गोल Move Tool ने धरून इकडेतिकडे नेता येतो आणि केसांची कड जागची हलत नाही. ग्रुपचा मोड तेवढा Pass Through राहू द्या. तो मुळात तसाच असतो, पण चुकून Normal झाला तर आतल्या Exposure चा परिणाम बाहेरच्या फोटोपर्यंत पोहोचत नाही. एकदा मी यात अर्धा तास घालवला आहे.

उजेड हलवायचा तो कुठे? प्रभावळ टाळायची तर मध्य डोक्यामागे ठेवायचा नाही. मी तो खाली, मानेच्या आणि खांद्याच्या उंचीवर आणला. स्टुडिओतही लाइट माणसाच्या पाठीमागे लपवलेला असल्यामुळे उजेडाचा मध्य बऱ्याचदा तिथेच असतो. सगळ्यात उजळ भाग शरीरामागे झाकला जातो आणि बाहेर दिसतो तो फक्त त्याचा उतार. भाचीच्या मानेशेजारी चादर ७० च्या आसपास आली, डोक्याच्या वरच्या टोकाशी त्याहून कमी, आणि कोपऱ्यांत जुनीच ३८.

मग तो थोडा उजवीकडे सरकवला. खिडकी डावीकडे असल्याने भाचीचा डावीकडचा गाल उजळ होता. त्या गालामागे चादर गडद असलेलीच बरी. उजवीकडची बाजू सावलीत होती, केस तिथेच सगळ्यात जास्त हरवले होते, म्हणून चादर उजळायची गरज तिथे होती. उजळ बाजूमागे गडद आणि गडद बाजूमागे उजळ, हा आडवातिडवा मेळ बसला की माणूस दोन्हीकडून सुटतो. गोल मध्यापासून फार तर तीनशे पिक्सेल उजवीकडे नेला असेन, पण फोटोचं रूप तिथेच पालटलं.

आता कड. या सगळ्या उद्योगात वेळ जातो तो इथे.

कडेवर दोन प्रकारे बिघडतं. मास्क केसांच्या आत घुसला तर उजेड केसांना खातो, बारीक बटा फिकट होऊन गायब होतात आणि डोकं कात्रीने कापल्यासारखं दिसतं. मास्क केसांच्या बाहेर राहिला तर डोक्याभोवती न उजळलेल्या चादरीची एक काळी किनार उरते, काजळाची रेघ ओढल्यासारखी. दुसरा दोष जास्त आढळतो, कारण नवखा माणूस सावधपणे जरा बाहेरूनच निवड करतो. फोटो दुप्पट मोठा करून डोक्याभोवती एक चक्कर मारा. काळी किनार असेल तर लगेच दिसते.

इथे गुणाकाराचा आणखी एक फायदा मिळतो, काळ्या केसांपुरता पहिल्या दोषाचा धोका फारसा उरत नाही. केस १५ वर होते. चौपट उजेड त्यांच्यावरही पडला तरी ते फार तर ३८ पर्यंत चढतात, आणि तोवर मागची चादर ७९ ला पोहोचलेली असते. काळं चौपट केलं तरी काळसरच राहतं. म्हणजे काळ्या केसांच्या कडेवर मास्क काटेकोर असायची गरजच नाही. उलट तिथे तो मुद्दाम मऊ ठेवायचा. मी ग्रुपच्या मास्कवर, फक्त केसांच्या कडेने, वीसेक पिक्सेलचा मऊ ब्रश फिरवून सीमा पुसट केली. सुट्या बटा एकेक करून निवडायच्या भानगडीत पडलोच नाही. उजेड त्यांच्यावरून गेला, त्यांच्यामधल्या फटींतली चादर उजळली आणि बटा आपोआप उठून दिसल्या. पांढऱ्या रंगाने हे जमलं नसतं. पांढरा रंग बटांवरही तितकाच बसतो.

जाड केस थोडे करडे वाटले, तर Exposure लेयरच्या नावापुढच्या रिकाम्या जागेवर दोनदा क्लिक करून उघडणाऱ्या खिडकीत तळाशी Blend If असतं. त्यातली Underlying Layer ची काळी खूण Alt दाबून दोन भागांत फोडायची आणि एक भाग १५ वर, दुसरा ३० वर न्यायचा. खालच्या फोटोत १५ पेक्षा गडद जे काही आहे त्याला उजेड लागणार नाही, ३० च्या पुढे पूर्ण लागेल आणि मधल्या पट्ट्यात हळूहळू वाढेल. केस पुन्हा काळेभोर झाले आणि ३८ वरच्या चादरीला धक्का लागला नाही. चादर आणि केस यांच्यात मुळात तेवढं अंतर होतं म्हणून हे चाललं. चादर जर काळी, १८-२० ची असती, तर हा उपाय बाद.

गजऱ्याचं गणित मात्र उलटं. मोगऱ्याची फुलं २०० च्या आसपास. त्यांच्यावर चौपट उजेड पडला तर ती थेट २५५ ला जाऊन आदळतात, पाकळ्या नाहीशा होतात आणि कापसाचा बोळा उरतो. माझ्या पहिल्या खेपेत उजव्या टोकाच्या तीन-चार कळ्यांचं हेच झालं होतं, कारण निवड करताना सॉफ्टवेअरने त्या चादरीत ढकलल्या होत्या. म्हणून गजरा, कानातले, पदराचा जरीकाठ, असं जे काही उजळ आणि कडेवर आहे त्याचा मास्क कडक आणि नीट हवा. मी मास्कवर काळ्या रंगाचा कडक ब्रश घेऊन त्या कळ्या हाताने भरल्या. पाच मिनिटांचं काम. एकाच डोक्याच्या कडेवर केसांना मऊ मास्क आणि फुलांना कडक मास्क, असं दुहेरी वागावं लागतं.

हाच फोटो आजीचा असता तर? पांढरे केस गडद चादरीपुढे आधीच उठून दिसतात. त्यांच्यामागे उजेड टाकला तर आपणच त्यांना बुडवू. तिथे उजेड खाली, गडद साडीच्या खांद्यामागे ठेवायचा आणि डोक्यामागची चादर तशीच राहू द्यायची.

फोटो संगणकावर छान दिसू लागला आणि मग तो फोनवर पाहिला. चादरीवर भाचीच्या मानेच्या उजवीकडून फोटोच्या कडेपर्यंत पुसट पट्टे उमटले होते, तळ्यात खडा टाकल्यावर कडी उठतात तसे. याचं कारण साधं आहे. उजेड उजवीकडे सरकवल्यावर मानेजवळ ७९ आणि कडेला ३८, म्हणजे मधे सगळ्या मिळून ४१ पायऱ्या. त्या पसरल्या आहेत सुमारे १४०० पिक्सेलवर. म्हणजे एकेक पायरी साधारण ३४ पिक्सेल रुंद. एवढ्या रुंद पायऱ्या, त्याही गडद आणि गुळगुळीत जागेवर, डोळ्याला दिसतातच. फोन बऱ्याचदा फोटो काढतानाच मागचा भाग घासूनपुसून गुळगुळीत करतो, त्यामुळे फोनच्या फोटोत हा त्रास जास्त.

सुरुवातीला १६ बिट केलं ते यासाठी. त्यात दोन आकड्यांमध्ये आणखी बऱ्याच बारीक पायऱ्या असतात, त्यामुळे काम करत असताना उतार तुटत नाही. पण शेवटी जेपीईजी करताना पुन्हा २५६ पायऱ्यांवर यावंच लागतं. तेव्हा पायऱ्यांच्या कडा मोडायला थोडे दाणे टाकायचे. सगळ्यात वर एक लेयर घेतला, मोड Overlay केला, 50% Gray ने भरला आणि Add Noise मधून दीड टक्का दाणे टाकले, Gaussian आणि Monochromatic या दोन्ही खुणा करून. भाचीच्या चेहऱ्यावर दाणे नकोत म्हणून ग्रुपचाच मास्क या लेयरवर Alt दाबून ओढून आणला. पट्टे गेले.

गेले ते माझ्या संगणकावर. ताईला व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर परत आले, कारण तिथे फोटो दाबून लहान केला जातो, आणि दाबताना सगळ्यात आधी हे बारीक दाणेच पुसले जातात. बायोडेटा तर व्हॉट्सॲपवरच फिरणार. यावर दोन गोष्टी केल्या. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. आणि पुढे कुणी ती साधा फोटो म्हणून फॉरवर्ड करणारच, हे धरून उजेड +२ वरून +१.७ वर आणला आणि दाणे दोन टक्के केले. संगणकावर किंचित खरखरीत दिसतं, फोनवर बरोबर दिसतं. आजकाल मी कुठलंही असं काम संपलं असं म्हणण्याआधी फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून पाहतो.

हे सगळं चाललं त्यामागे फोटो काढतानाची एक गोष्ट होती. भाची चादरीपासून पाच फूट लांब होती, त्यामुळे तिची सावली चादरीवर पडलीच नाही. माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर त्याची सावली भिंतीवर, त्याला चिकटून असते. तिच्यावर मागून उजेड टाकला की चित्र खोटं पडतं, कारण मागे खरंच लाइट असता तर त्याने ती सावली बरीचशी धुऊन काढली असती. अशी सावली पुसणं शक्य असतं, पण तेवढ्या वेळात माणसाला चार पावलं पुढे उभं करून दुसरा फोटो होतो. पायापर्यंतचा फोटो असेल तरी अडचण आहे. उजेड भिंतीवर टाकला आणि जमिनीवर त्याची काहीच खूण नसेल, तर भिंत आणि जमीन दोन वेगळ्या फोटोंतल्या वाटतात. कमरेच्या वरचा फोटो या कामाला सोयीचा.

मागे पांढरी भिंत असेल तर तिला आणखी उजळायला जागाच नसते. तिथे सगळी मांडणी तीच ठेवून लेयरचा मास्क Ctrl+I ने उलटा करायचा आणि Exposure उणे एक ते उणे दीड करायचा. मधला भाग आहे तसा राहतो, कडा गडद होतात, आणि डोळ्याला मध्येच उजेड टाकल्यासारखा वाटतो. काळ्या केसांच्या माणसाला पांढऱ्या भिंतीपुढे हे फार शोभतं.

आणि पुढच्या वेळी फोटो काढताना घरातला टेबललॅम्प स्टुलाच्या आडोशाला ठेवून त्याचं तोंड चादरीकडे करता आलं, तर वरचं निम्मं काम वाचतं. फक्त बल्ब पिवळा असेल तर खिडकीच्या उजेडापुढे चादर नारिंगी दिसेल. पांढरा बल्ब लावा.

शेवटचा फोटो मी काही न सांगता भाचीला पाठवला. तिने तो मोठा करून पाहिला असावा, कारण दोन मिनिटांनी उत्तर आलं, "मामा, मस्त! फक्त उजवीकडून गजरा जरा सुटलाय, तो नीट करता येईल का?"